परत आलेल्या दहा चादरी

सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात नाशिकच्या दुकानदाराचे पार्सल येते. आत लाल काठाच्या दहा चादरी. पाणी लागताच रंग सुटतो, अशी दुकानदाराची तक्रार. पार्सलसोबत एक कागद आहे: ‘डेबिट नोट, ४,२०० रुपये’. कारखान्याचा हिशेबनीस चादरी मोजतो, एक कोपरा भिजवून पाहतो, तक्रार खरी असल्याचे मान्य करतो आणि तेवढ्याच रकमेचा दुसरा कागद तयार करतो: ‘क्रेडिट नोट, ४,२०० रुपये’.

माल एक, रक्कम एक, घटना एक. आणि कागदांची नावे मात्र एकमेकांच्या विरुद्ध. नव्याने दुकान टाकलेला माणूस इथेच गोंधळतो. डेबिट म्हणजे आपल्याकडून पैसे जाणार आणि क्रेडिट म्हणजे येणार, अशी बँकेच्या मेसेजमुळे झालेली सवय इथे उपयोगी पडत नाही.

हा कारखानदार आणि हा दुकानदार नमुन्याचे आहेत. पण त्यांच्यातला व्यवहार रोज कुठल्या ना कुठल्या पेठेत घडतो. म्हणून या दहा चादरींचाच माग शेवटपर्यंत काढू.

कोणाच्या वहीत, कोणाचे खाते?

आपल्या जुन्या वह्यांत डेबिटला ‘नावे’ आणि क्रेडिटला ‘जमा’ म्हणत. हे दोन शब्द इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त बोलके आहेत. ज्याच्याकडून आपले येणे आहे, त्याच्या नावे रक्कम टाकायची. त्याने काही दिले किंवा त्याचे येणे कमी झाले, की ती त्याच्या खाती जमा करायची.

आता दोन वह्या शेजारी ठेवून पाहा. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी कारखानदाराने १०० चादरी ४०० रुपये दराने पाठवल्या. मालाची किंमत ४०,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी २,००० रुपये, बिल ४२,००० रुपयांचे. कारखानदाराने आपल्या खतावणीत दुकानदाराच्या नावे ४२,००० टाकले. दुकानदाराने आपल्या खतावणीत कारखानदाराच्या खाती ४२,००० जमा केले, कारण तेवढे त्याचे देणे लागते.

दहा चादरी परत गेल्या तेव्हा ४,००० रुपयांचा माल आणि त्यावरचे २०० रुपये कर, असे ४,२०० रुपये दोन्ही वह्यांत उलटे फिरवायला हवेत. कारखानदार दुकानदाराच्या खाती ४,२०० जमा करणार. त्याची खबर देणारा कागद म्हणजे त्याची क्रेडिट नोट. दुकानदार कारखानदाराच्या नावे ४,२०० टाकणार. त्याची खबर देणारा कागद म्हणजे त्याची डेबिट नोट. कागदावरचे नाव हे कागद काढणाऱ्याच्या वहीतले असते, मिळणाऱ्याच्या वहीतले नसते. एवढे लक्षात ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

नोंदी पूर्ण लिहायच्या तर कारखानदाराच्या वहीत विक्री परत खाते नावे ४,०००, केंद्रीय जीएसटी नावे १००, राज्य जीएसटी नावे १०० आणि समोर दुकानदाराच्या खाती जमा ४,२००. दोघे महाराष्ट्रातलेच असल्यामुळे कराचे असे दोन सारखे भाग पडतात. दुकानदार बेळगावचा असता तर एकच एकात्मिक जीएसटी २०० रुपये लागला असता. दुकानदाराच्या वहीत कारखानदाराच्या नावे ४,२००, समोर खरेदी परत खाते जमा ४,००० आणि आधी घेतलेले कराचे क्रेडिट २०० रुपयांनी कमी.

बिल खोडता का येत नाही?

यावर एक सरळ प्रश्न सुचतो. जुने बिलच रद्द करून ९० चादरींचे नवे बिल का काढू नये? ऑक्टोबरचे बिल कारखानदाराने आपल्या जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये दाखवले की ते दुकानदाराच्या खात्यातही पोर्टलवर उमटते आणि त्याच्या आधारावर दुकानदार कराचे क्रेडिट घेतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला हे पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत करावे लागते. ज्यांची उलाढाल ५ कोटींवर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस काढावे लागते आणि ते पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तासांची मुभा असते. चादरीचा रंग २४ तासांत सुटेल याची खात्री कोण देणार?

शिवाय ४ ऑक्टोबरला १०० चादरी खरोखरच गेल्या होत्या. ते बिल खोटे नव्हते. नंतर जे घडले ते नंतरच्या तारखेच्या कागदानेच सांगायला हवे. क्रेडिट नोट हा तो कागद.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोट कधी काढायची ते ठरवून दिले आहे. बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल, किंवा माल वा सेवा सदोष निघाली असेल, तर ती काढता येते. म्हणजे परताव्याला सदोषपणाची अट नाही. दुकानदाराने न खपलेल्या चादरी ठरल्याप्रमाणे परत केल्या तरी क्रेडिट नोटच निघते. उलट माल परत न येताही ती निघू शकते: रंग थोडा फिका आहे, पण दुकानदार प्रत्येक चादरीमागे ५० रुपये कमी करून ठेवून घ्यायला तयार असेल, तर तेवढ्या फरकाची क्रेडिट नोट पुरते.

या नोटवर काय असावे हेही नियमात आहे. ती क्रेडिट नोट आहे हे स्पष्ट लिहायचे, तिला स्वतःचा सलग क्रमांक द्यायचा, जो १६ अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसावा. दोघांची नावे, पत्ते आणि जीएसटी क्रमांक, नोटेची तारीख, मालाची किंमत, कराचा दर, कमी होणारा कर आणि सही. या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख. ती नसेल तर या चादरी कुठल्या बिलातल्या आणि त्यांवर किती कर लागला होता, हे सांगता येत नाही. सध्याचा भाव किंवा कराचा सध्याचा दर नोटेत चालत नाही. माल ज्या भावाने आणि ज्या दराने गेला, त्याच भावाने आणि दराने तो परत येतो.

मग दुकानदाराच्या डेबिट नोटचे काय?

इथे जुनी हिशेबाची रीत आणि जीएसटीचा कायदा यांच्यात एक बारीक भेद आहे. हिशेबाच्या पुस्तकांत खरेदी परत केली की खरेदीदाराने डेबिट नोट पाठवावी असे शिकवतात. संगणकावरच्या हिशेबाच्या प्रणालींतही खरेदी परत ‘डेबिट नोट’ या व्हाउचरमध्येच टाकतात. ते चूक नाही. पण कलम ३४ मध्ये क्रेडिट नोट असो वा डेबिट नोट, ती काढणारा एकच आहे: माल पुरवणारा.

म्हणून दुकानदाराची डेबिट नोट ही मागणीपत्रासारखी असते. ‘मी एवढा माल परत करतो आहे, माझ्या वहीत तुझ्या नावे एवढी रक्कम टाकली आहे, तूही तुझ्या वहीत जमा कर,’ एवढेच ती सांगते. ती पाठवावी, त्याने फायदाच होतो. पण तिच्या जोरावर कारखानदाराचा कर कमी होत नाही. तो कमी होतो कारखानदाराच्या क्रेडिट नोटने, ती त्याच्या रिटर्नमध्ये दिसल्यावर.

आपल्या चादरी १२ नोव्हेंबरला सोलापुरात पोचल्या आणि त्याच दिवशी क्रेडिट नोट निघाली असे धरू. ऑक्टोबरच्या विक्रीवरचा २,००० रुपये कर कारखानदार नोव्हेंबरमध्ये भरतो. तो तसाच भरायचा. नोव्हेंबर महिन्याच्या रिटर्नमध्ये ही नोट दाखवली की त्या महिन्याच्या करातून २०० रुपये वजा होतात. जुन्या महिन्यात मागे जाऊन काही बदलायचे नसते.

पुरवठादाराची डेबिट नोट

कारखानदार स्वतः डेबिट नोट कधी काढतो? बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तेव्हा. ४०० ऐवजी चुकून ३८० रुपये दर पडला, तर १०० चादरींचे २,००० रुपये आणि त्यावरचे १०० रुपये कर अशी २,१०० रुपयांची डेबिट नोट तो पाठवील. दुकानदाराच्या नावे आणखी रक्कम टाकली, हा तिचा अर्थ. क्रेडिट नोट काढणे पुरवठादाराच्या मर्जीवर आहे, कायदा तिथे ‘काढू शकतो’ म्हणतो. डेबिट नोट मात्र काढावीच लागते, कारण इथे सरकारचा कर कमी पडलेला असतो.

पण परताव्यानंतर डेबिट नोटचे काय काम, असे वाटेल. दोन प्रसंग नेहमी येतात.

पहिला प्रसंग भावाच्या पायरीचा. समजा सौदा असा ठरला होता की ८० किंवा जास्त चादरी ठेवल्या तर दर ४०० रुपये, त्याहून कमी ठेवल्या तर ४२० रुपये. दुकानदाराने १०० मागवल्या, पण सीझन संपल्यावर ठरल्याप्रमाणे न खपलेल्या ३० परत केल्या. आता त्याच्याकडे ७० उरल्या, म्हणजे त्याला ४२० चा दर लागू. कारखानदार आधी ३० चादरींची क्रेडिट नोट काढील: १२,००० रुपये माल आणि ६०० रुपये कर, मिळून १२,६००. मग ठेवलेल्या ७० चादरींवर प्रत्येकी २० रुपयांप्रमाणे १,४०० रुपये आणि ७० रुपये कर, अशी १,४७० रुपयांची डेबिट नोट. दोन्हींचा मिळून दुकानदाराला ११,१३० रुपयांचा फायदा.

मग ११,१३० ची एकच क्रेडिट नोट का काढू नये? काढली तर तिच्यावर ३० चादरी आणि सुमारे ३५३ रुपये दर दिसेल. अशा दराने एकही चादर कधी विकली गेलेली नाही. सहा महिन्यांनी तो आकडा कुठून आला हे हिशेबनिसालाही आठवणार नाही आणि कर अधिकाऱ्यालाही पटवता येणार नाही. दोन वेगळ्या कारणांचे दोन वेगळे कागद असले की प्रत्येक आकड्यामागे मालाची मोजणी उभी राहते. मात्र भावाची ही पायरी मूळ सौद्यात लेखी असायला हवी. परतावा झाल्यावर सुचलेली दरवाढ डेबिट नोटमध्ये घालता येत नाही. दुकानदार ती मान्य करणार नाही आणि करू नये.

दुसरा प्रसंग घाईचा. दुकानदाराने फोनवर सांगितले, ‘दहा चादरी पाठवतो आहे.’ हिशेबनिसाने पार्सल यायच्या आधीच ४,२०० ची क्रेडिट नोट करून टाकली. पार्सल उघडले तर आत आठच. दोन चादरींचे ८०० रुपये आणि ४० रुपये कर, म्हणजे ८४० रुपये जास्त जमा झाले. रिटर्न अजून भरले नसेल तर क्रेडिट नोटच दुरुस्त करावी. रिटर्न गेले असेल तर पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये त्या नोटेची दुरुस्ती दाखवता येते, किंवा व्यवहारात बरेच जण करतात तसे ८४० रुपयांची डेबिट नोट काढून फरक भरून घेता येतो. दोन्ही एकदम केले तर मात्र तीच रक्कम दोनदा वसूल होते. मुळात हा सगळा व्याप टाळायचा तर माल परतीच्या चलनासह आत घ्यावा, मोजावा, तपासावा आणि मगच नोट काढावी.

दोनशे रुपयांचा प्रवास

४,००० रुपये हा दोघांमधला मामला आहे. वरचे २०० रुपये सरकारदरबारचे. दुकानदाराने खरेदी करताना २,००० रुपये कराचे क्रेडिट घेतले होते. कारखानदाराने २०० रुपये कमी भरले आणि दुकानदाराने मात्र २,००० चे क्रेडिट तसेच ठेवले, तर तिजोरीला २०० रुपयांची खोट बसते. म्हणून २०२५ च्या वित्त कायद्याने कलम ३४ मध्ये बदल करून हा दुवा पक्का केला: खरेदीदाराने घेतलेले क्रेडिट परत फिरवले नसेल, तर पुरवठादाराला आपला कर कमी करता येत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर बिले स्वीकारण्या-नाकारण्याची सोय आहे. कारखानदाराची क्रेडिट नोट दुकानदाराला तिथे दिसते. त्याने ती स्वीकारली की त्याचे २०० रुपयांचे क्रेडिट कमी होते. त्याने नाकारली तर कारखानदाराने वजा केलेले २०० रुपये पुन्हा त्याच्याच करात मिळवले जातात. अनेकदा दुकानदाराचा कर सल्लागार ओळख न पटल्यामुळे नोट नाकारतो, कारण तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक चुकलेला असतो किंवा दुकानदाराने परताव्याची गोष्ट त्याला सांगितलेलीच नसते. क्रेडिट नोट काढल्यावर एक फोन करून ठेवावा तो यासाठी.

यात मुदतही आहे. ज्या आर्थिक वर्षात माल विकला, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच कर कमी करण्यासाठी क्रेडिट नोट दाखवता येते. आपल्या ऑक्टोबर २०२५ च्या बिलासाठी ही तारीख ३० नोव्हेंबर २०२६. चादरी त्यानंतर परत आल्या तर कारखानदार क्रेडिट नोट काढू शकतो, पण ती फक्त दोघांच्या वह्यांपुरती. करातून २०० रुपये वजा होणार नाहीत आणि त्याने दुकानदाराला पूर्ण ४,२०० दिले तर ते २०० त्याच्या खिशातून जातील. अशा वेळी दुसरी वाट आहे. दुकानदार नोंदणीकृत असेल तर तो परतीचा माल आपल्याकडून झालेली विक्री समजून स्वतः जीएसटी लावून बिल काढतो आणि कारखानदार त्या कराचे क्रेडिट घेतो. मुदत संपलेली औषधे परत करण्याबाबत २०१८ मध्ये आलेल्या सरकारी परिपत्रकात ही वाट सांगितली आहे आणि इतर कारणांनी परत जाणाऱ्या मालालाही ती चालते असे त्यातच म्हटले आहे.

खाते जुळत नसेल तर

वर्षअखेरीस दोघे आपापले खाते-उतारे एकमेकांना पाठवतात. आपल्या व्यवहारात दोन्हीकडे ३७,८०० रुपये दिसायला हवेत. दिसले नाहीत, तर फरकाचा आकडाच चूक कुठे आहे ते सांगतो.

कारखानदाराकडे ४२,००० येणे दिसत असेल, म्हणजे फरक ४,२०० चा, तर क्रेडिट नोट निघालेलीच नाही किंवा वहीत चढलेली नाही. बहुतेक वेळा असे होते की दुकानदार ‘दहा चादरी वजा करून’ ३७,८०० पाठवून देतो आणि दोघेही कागद विसरतात. मग कारखानदाराच्या वहीत ४,२०० ची उधारी वर्षानुवर्षे पडून राहते आणि परत आलेल्या मालावरचा कर त्याने भरलेलाच राहतो.

फरक ४,२०० चाच, पण उलट्या बाजूने, म्हणजे कारखानदाराकडे ३३,६०० दिसत असतील, तर हिशेबनिसाने स्वतःची क्रेडिट नोटही चढवली आहे आणि दुकानदाराची डेबिट नोटही परतावा म्हणून वेगळी जमा केली आहे. एका परताव्याचे दोन कागद, दोन परतावे समजले गेले.

फरक ८,४०० चा असेल, तर जुन्या दिवाणजींची युक्ती वापरावी: फरकाला दोनने भागावे. ४,२०० येतात. म्हणजे ती रक्कम जमेच्या ऐवजी नावे पडली आहे. दुकानदाराच्या कागदावर ‘डेबिट’ हा शब्द वाचून कारखान्यातल्या नव्या मुलाने त्याच्या नावे आणखी ४,२०० टाकले आणि येणे ४६,२०० झाले. आणि फरक फक्त २०० चा असेल, तर एकाने कराशिवाय नोट केली आहे आणि दुसऱ्याने करासह.

हिशेब जुळला, दुकानदाराने ३७,८०० भरले, दोन्ही खाती शून्यावर आली, तरी ती क्रेडिट नोट, दुकानदाराची डेबिट नोट आणि परतीचे चलन मूळ बिलाला टाचून ठेवावे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागद सांभाळावे लागतात. २०२५-२६ या वर्षासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२६ धरली, तर दहा चादरींची ही फाइल ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत कपाटातून हलवता येणार नाही.